वायर तुटली तर मोटर थांबली पाहिजे

पुण्यात किंवा नाशकात एखाद्या जुन्या तीन मजली इमारतीत पाण्याची व्यवस्था बहुधा अशी असते. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं आणि जमिनीखालच्या टाकीत पडतं. तिथून एक हॉर्सपॉवरची मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. मोटर लावायची आणि बंद करायची, एवढंच काम. तरी ते वॉचमनवर किंवा तळमजल्यावरच्या एखाद्या काकूंवर सोपवलं की दोनपैकी एक प्रकार कधीतरी होतोच. मोटर बंद करायची राहते आणि गच्चीवरून पाण्याची धार सुटते, किंवा खालची टाकी रिकामी झालेली कुणाच्या लक्षात येत नाही आणि मोटर कोरडी फिरत राहते. पहिल्या प्रकारात निदान कुणीतरी ओरडतं. दुसऱ्यात बाहेर काहीच दिसत नाही, आणि खर्च मात्र तिथेच होतो.

कोरडी फिरल्यावर मोटर नेमकी का बिघडते, हे आधी पाहू. पंपाचा दांडा जिथे पाण्याच्या कप्प्यातून बाहेर येतो, तिथे मेकॅनिकल सील असतं. दोन गुळगुळीत चकत्या, बहुतेक वेळा एक कार्बनची आणि एक सिरॅमिकची, एकमेकींवर घासत फिरतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा अगदी पातळ थर असतो. तोच वंगण असतो आणि उष्णता वाहून नेणाराही तोच. पाणी संपलं की चकत्या कोरड्या घासतात, काही मिनिटांत इतक्या तापतात की सिरॅमिकला तडा जातो किंवा मागचं रबर कडक होतं. कप्प्यात उरलेलं थोडं पाणी उकळायला लागतं, लगतचा पीव्हीसी पाइप मऊ पडतो. दुसऱ्या दिवशी मोटर पुन्हा चालते, पाणीही चढवते, पण दांड्यापाशी थेंब थेंब गळायला लागलेलं असतं. ते पाणी हळूहळू बेअरिंगकडे आणि वाइंडिंगकडे सरकतं. मोटर जळते ती आणखी दोन-तीन महिन्यांनी, आणि तेव्हा दोष व्होल्टेजला दिला जातो.

यावरचा उपाय बाजारात सहज मिळतो. फ्लोट स्विच म्हणजे मुठीपेक्षा थोडा मोठा प्लॅस्टिकचा बंद डबा, त्याला तीन तारांची केबल. आत एक मायक्रोस्विच आणि एक गोळी. डबा खाली लोंबकळत असला की गोळी एका बाजूला असते. पाण्याने तो वर उचलून उलटा केला की गोळी घरंगळते आणि स्विच पलटतो. तीन तारांपैकी एक सामाईक. तिची एका तारेशी जोडी डबा लोंबकळताना जुळते आणि तरंगताना तुटते, दुसरीशी बरोबर उलट. म्हणजे एकाच वस्तूचे दोन स्वभाव, आणि दोन्ही आपल्याला हवेत.

वरच्या टाकीत लोंबकळताना जुळणारी जोडी वापरायची: टाकी रिकामी, संपर्क जुळलेला, मोटर चालू, टाकी भरली, डबा वर आला, संपर्क तुटला, मोटर बंद. खालच्या टाकीत तरंगताना जुळणारी जोडी: पाणी आहे तोवर संपर्क जुळलेला, पाणी उतरलं की तुटला. हे दोन संपर्क एकापुढे एक, म्हणजे सीरीजमध्ये जोडायचे. वर जागा असेल आणि खाली पाणी असेल, तेव्हाच सर्किट पूर्ण होतं. दोन्हींपैकी एकानेही नाही म्हटलं की मोटर थांबते. कुठली तार कुठली, हे रंगावरून ठरवू नये. काळी, तपकिरी, निळी यांचा अर्थ प्रत्येक कंपनी आपापल्या परीने लावते. मल्टिमीटर बझरवर ठेवून डबा एकदा खाली लोंबकळवून आणि एकदा वर धरून पाहिला की दोन मिनिटांत कळतं.

आता खरा प्रश्न येतो. या साध्या जोडणीत कुठे एखादी तार तुटली, स्क्रूखालून निसटली, उन्हाने कडक होऊन गच्चीवर चिरली, तर काय होईल? दोन्ही संपर्क सीरीजमध्ये आहेत, त्यामुळे तार कुठेही तुटली तरी सर्किट तुटतं आणि मोटर थांबते. सकाळी नळाला पाणी येत नाही, लोक वैतागतात, वायरमनला बोलावतात. नुकसान एवढंच. माझ्या मते पाण्याच्या टाकीचा कुठलाही कंट्रोलर विकत घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे. त्याला किती दिवे आहेत, मोबाइलवर दिसतं का, हे नंतर.

हाच प्रश्न स्टीलच्या सळ्यांच्या कंट्रोलरला विचारून बघा. टाकीत वेगवेगळ्या उंचीवर तीन स्टेनलेस स्टीलच्या सळ्या सोडलेल्या असतात. सगळ्यांत लांब सळी सामाईक, मधली ‘कमी’ दाखवणारी, सगळ्यांत आखूड ‘भरली’ दाखवणारी. पाण्यातून अगदी थोडी वीज वाहते. आखूड सळीपर्यंत पाणी पोहोचलं की तिच्यातून प्रवाह सुरू होतो आणि कंट्रोलर मोटर बंद करतो. म्हणजे इथे ‘भरली’ हा निरोप जुळलेल्या सर्किटातून येतो. आखूड सळीची तार तुटली, तर तो निरोप कधीच पोहोचत नाही. कंट्रोलरच्या लेखी टाकी कायम रिकामी, आणि मोटर चालूच. खालच्या टाकीत याच सळ्या वापरल्या तर मात्र उलट घडतं: तार तुटली की ‘पाणी नाही’ असा अर्थ निघतो आणि मोटर थांबते. तेव्हा सळ्या खालच्या टाकीत भरवशाच्या, वरच्या टाकीत तेवढ्या नाहीत.

बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी असेल तर आणखी एक गोष्ट होते. सळ्यांवर पांढरा थर चढतो. सळ्यांवर पूर्णपणे थर बसला तर त्यांच्यातून वीज वाहणं कमी होतं आणि टाकी भरली तरी कळत नाही. सळ्या ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीत बसवल्या आहेत तिच्यावर ओलसर क्षार साचले, तर वीज तिथूनच पलीकडे जाते आणि टाकी रिकामी असताना ‘भरली’ दिसतं. सळ्यांना डीसी वीज देणारा कंट्रोलर असेल तर एक सळी झिजत जाते, म्हणून चांगल्या कंट्रोलरमध्ये एसी किंवा सारखी दिशा बदलणारी वीज वापरतात. सळ्या वाईट नाहीत. पण त्यांना दर दोन-चार महिन्यांनी घासून स्वच्छ करणारा माणूस लागतो, आणि सोसायटीत तो माणूस कोण हे ठरवणं वायरिंगपेक्षा अवघड.

मी म्हणून इथे दोन फ्लोटची जोडणी धरून पुढे जातो.

फ्लोट बाजारातून आणून त्याची केबल सरळ मोटरच्या फेजमध्ये घातलेली अनेक ठिकाणी दिसते. चालतं, पण फार दिवस चालत नाही. फ्लोटच्या डब्यावर ‘१६(४) अँपिअर’ अशा प्रकारचे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा गीझरसारख्या साध्या भाराचा, कंसातला मोटरचा. एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर पाणी चढवताना साधारण साडेपाच-सहा अँपिअर घेते, आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट. कंसातल्या चार अँपिअरच्या स्विचला हे झेपत नाही. प्रत्येक वेळी ठिणगी पडते, संपर्काची चांदी खरवडते आणि एके दिवशी दोन्ही टोकं वितळून एकमेकांना चिकटतात. मग डबा वर आला काय किंवा खाली गेला काय, स्विच जुळलेलाच राहतो.

दुसरं कारण सुरक्षेचं. ही जोडणी केली की २३० व्होल्ट पिण्याच्या पाण्याच्या टाकीत शिरतात. केबलला उंदराने कुरतडलं किंवा ती झाकणाच्या धारेवर घासली, तर त्या पाण्याला हात लावणाऱ्याचं काय, हे सांगायला नको. टाकी प्लॅस्टिकची असते, तिला अर्थिंग नसतं. म्हणून फ्लोटला फक्त निरोप्याचं काम द्यायचं आणि तेही कमी व्होल्टेजवर.

त्यासाठी पॅनेलमध्ये तीन वस्तू लागतात: २३० चे २४ व्होल्ट करणारा छोटा ट्रान्स्फॉर्मर, २४ व्होल्ट कॉइलचा एक छोटा रिले आणि एक कॉन्टॅक्टर. ट्रान्स्फॉर्मरची दोन वाइंडिंग वेगवेगळी असली पाहिजेत, म्हणजे टाकीकडे जाणाऱ्या तारांचा घरच्या विजेशी थेट संबंध राहत नाही. स्वस्त कंट्रोलरमध्ये कधी कधी ट्रान्स्फॉर्मरऐवजी नुसता कपॅसिटर लावून व्होल्टेज उतरवलेलं असतं. तसं असेल तर सेन्सरच्या तारा दिसायला बारा व्होल्टच्या असतात, पण फेजशी जोडलेल्याच असतात. असा कंट्रोलर टाकीपाशी नेऊ नये.

जोडणी अशी. मुख्य वीज आधी डबल पोल एमसीबीमधून येते, मग ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून, मग कॉन्टॅक्टरच्या मुख्य संपर्कांमधून, मग ओव्हरलोड रिलेमधून मोटरकडे जाते. कॉन्टॅक्टर मोटरच्या कामाचा, म्हणजे एसी-३ प्रकारात ९ अँपिअरचा घेतला तर एक हॉर्सपॉवरला पुरून उरतो. ओव्हरलोड रिले बहुधा थ्री फेजचा मिळतो, त्याला तीन मार्ग असतात. सिंगल फेज मोटरसाठी फेज त्या तिन्ही मार्गांतून एकापाठोपाठ एक ओवून घ्यावा लागतो. एकाच मार्गातून नेला तर रिलेला वाटतं की दोन फेज गेलेत, आणि तो उगाच ट्रिप होतो. ही गोष्ट माहीत नसल्याने चांगला रिले ‘खराब’ म्हणून काढून टाकलेला मी पाहिला आहे.

नियंत्रणाची बाजू वेगळी. ट्रान्स्फॉर्मरच्या २४ व्होल्टच्या एका टोकापासून निघायचं, एका छोट्या फ्यूजमधून, मग ऑटो-बंद-मॅन्युअल अशा तीन जागांच्या स्विचमधून, मग गच्चीवरच्या फ्लोटमधून, मग खालच्या टाकीच्या फ्लोटमधून, आणि रिलेच्या कॉइलपर्यंत. कॉइलचं दुसरं टोक परत ट्रान्स्फॉर्मरकडे. या रिलेचा संपर्क २३० व्होल्टच्या बाजूला ओव्हरलोडच्या ९५-९६ या टोकांशी सीरीजमध्ये जोडायचा आणि तिथून कॉन्टॅक्टरच्या कॉइलला, म्हणजे ए१ला वीज द्यायची. ए२ न्यूट्रलला. आता फ्लोटमधून जाते ती रिलेच्या कॉइलपुरती, काही दहा मिलिअँपिअरची वीज.

मध्ये हा रिले कशाला, कॉन्टॅक्टरच २४ व्होल्टचा का घेऊ नये, असं कुणी विचारेल. घेता येतो, पण कॉन्टॅक्टर ओढला जाण्याच्या क्षणी त्याची कॉइल नंतरच्यापेक्षा कितीतरी पट वीज मागते, चोवीस व्होल्टला दोन-तीन अँपिअरपर्यंत. गच्चीपर्यंत जाऊन येणारी पन्नास मीटर बारीक तार असेल तर तेवढ्या क्षणी पाच-सहा व्होल्ट तारेतच गळतात. कॉन्टॅक्टर अर्धवट ओढला जातो, सुटतो, पुन्हा ओढला जातो, आणि पॅनेलमधून खडखड ऐकू येते. ती खडखड संपर्क जाळते. छोट्या रिलेला इतकी वीज लागतच नाही, त्यामुळे तारेची लांबी त्रास देत नाही. शिवाय पावसाळ्यात जोडावर पाणी साचून थोडी वीज गळली, तरी तेवढ्यावर रिले ओढला जात नाही. फार नाजूक इलेक्ट्रॉनिक इनपुट असलेला कंट्रोलर अशा गळतीलाच जुळलेला संपर्क समजू शकतो.

कारण तुटलेल्या तारेसारखा दुसराही दोष असतो: दोन तारा एकमेकींना चिकटणं. तेव्हा आपली सीरीज जोडणी फसते, फ्लोट असून नसल्यासारखा होतो. तारा तुटण्याच्या मानाने हे कमी वेळा घडतं, आणि घडतं ते बहुतेक जोडापाशी. म्हणून फ्लोटची केबल टाकीच्या आत कधीही जोडायची नाही. अखंड केबल झाकणाबाहेर काढायची, जोड टाकीबाहेर, उंचावर, बंद जंक्शन बॉक्समध्ये. बॉक्समध्ये केबल खालून आत जाईल असं बघायचं, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत आत जात नाही.

मॅन्युअलच्या स्विचबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. बहुतेक पॅनेलमध्ये स्विच मॅन्युअलवर टाकला की दोन्ही फ्लोट बाजूला पडतात आणि मोटर सरळ चालू होते. एखाद्या दिवशी ऑटोने दगा दिला की वॉचमन स्विच मॅन्युअलवर टाकतो, आणि तो तिथेच राहतो. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘ताई, ऑटोचं काही खरं नाही. पाणी आलं की मी लावतो ना.’ सगळी यंत्रणा असूनही मोटर जळते ती अशाच काळात. माझा आग्रह असा की मॅन्युअलने फक्त वरचा फ्लोट वगळावा. खालचा फ्लोट दोन्ही स्थितींत सर्किटमध्येच राहावा. वायरिंगमध्ये यासाठी काही जास्त लागत नाही. मॅन्युअलची तार वरच्या फ्लोटच्या पुढे, पण खालच्या फ्लोटच्या आधी आणून जोडायची. मग माणूस विसरला तर गच्चीवरून पाणी वाहील, पण मोटर कोरडी फिरणार नाही.

आता फ्लोट लोंबकळवायचा किती उंचीवर? वायरिंग अचूक करूनही काम बिघडतं ते इथे. फ्लोटची केबल एका ठिकाणी पकडलेली असते, त्या बिंदूपासून डबा झोके घेतो. डबा आडव्याच्या वर साधारण पंचेचाळीस अंश गेला की स्विच पलटतो, आणि खाली तेवढाच उतरला की पुन्हा पलटतो. त्यामुळे चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांत साधारण झुलत्या केबलच्या लांबीच्या १.४ पट अंतर पडतं. कोन कंपनीप्रमाणे थोडा बदलतो, म्हणून शेवटी पाण्याने तपासायचंच.

एक टाकी धरू. वर २,००० लिटरची, आतला व्यास १.३ मीटर. अशा टाकीत दर सेंटिमीटरला सुमारे १३ लिटर पाणी मावतं. ओव्हरफ्लोचा पाइप तळापासून १४० सेंटिमीटरवर आहे, म्हणून मोटर १३० वर थांबावी असं ठरवलं. झुलती केबल ४० सेंटिमीटर ठेवली, तर पकड १०२ सेंटिमीटरच्या आसपास येते आणि मोटर पुन्हा सुरू होते ती पाणी ७४ सेंटिमीटरला उतरल्यावर. एका फेरीत साधारण साडेसातशे लिटर चढतात, आणि मोटर सुरू होते तेव्हाही टाकीत हजारभर लिटर शिल्लक असतात. वीज गेली तर एवढा साठा हाताशी असतो. पंप मिनिटाला ४० लिटर चढवत असेल, तर फेरी एकोणीस-वीस मिनिटांची. पंप किती चढवतो हे गच्चीवर पाइपखाली बादली धरून, घड्याळ लावून मोजावं. पेटीवर छापलेला आकडा बहुधा शून्य उंचीचा असतो.

केबल झुलती ठेवायची म्हणून चाळीस सेंटिमीटर, मग दहाच ठेवली तर? पातळ्यांत १४ सेंटिमीटरचं अंतर उरतं. एका घरात बादल्या भरल्या, दुसऱ्या घरात वॉशिंग मशीन लागलं की मोटर सुरू, चार-पाच मिनिटांत बंद. दिवसभर हे चालतं, आणि प्रत्येक वेळी सुरुवातीचा तो सहापट प्रवाह. मोटरचा स्टार्टिंगचा भाग आणि कॉन्टॅक्टर दोन्ही झिजतात. उलट केबल फार लांब ठेवली, तर डबा टाकीच्या भिंतीला, शिडीला किंवा येणाऱ्या पाइपला अडकतो. खाली अडकला की ओव्हरफ्लो. म्हणून केबल वजनाच्या आधाराने मोकळी सोडण्यापेक्षा टाकीत उभा पीव्हीसी पाइप बांधून त्याला पकड द्यावी, आणि पाणी जिथे पडतं तिथून लांब. पंपाच्या पाइपवर बॉल कॉक बसवलेला असेल तर तो काढावा. तो फ्लोटच्या आधी बंद झाला, तर पंप बंद पाइपाविरुद्ध दाब देत राहतो, आतलं पाणी तापतं आणि वरचा फ्लोट तर अजून लोंबकळतच असतो.

खालच्या टाकीत हिशेब उलटा. फूट व्हॉल्व्ह तळापासून १५ सेंटिमीटर वर असेल, कारण तळाशी गाळ असतो. त्याच्यावर निदान ३० सेंटिमीटर पाणी हवं, नाहीतर पृष्ठभागावर भोवरा होतो आणि पाण्याबरोबर हवा ओढली जाते. म्हणून ४५ सेंटिमीटरला मोटर थांबावी. केबल २५ सेंटिमीटर ठेवली तर पुन्हा परवानगी मिळते ८० ला. टाकी दोन मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद असेल तर या ३५ सेंटिमीटरमध्ये बाराशे लिटरच्या आसपास पाणी आहे. वरची एक फेरी साडेसातशेची. म्हणजे खालून होकार मिळाल्यावर फेरी मध्येच तुटत नाही. हे दोन आकडे जुळवून घेतले नाहीत, तर महापालिकेचं पाणी बारीक येत असताना मोटर दर काही मिनिटांनी चालू-बंद होत बसते.

या सगळ्यात एक भोक राहतं. खालची टाकी भरलेली आहे, फ्लोट तरंगतो आहे, पण फूट व्हॉल्व्ह गळका आहे. रात्रीतून सक्शनचा पाइप रिकामा झाला, सकाळी मोटर सुरू झाली आणि तिने हवा धरली. फ्लोटच्या दृष्टीने सगळं ठीक. पंप मात्र कोरडा. फ्लोट फक्त टाकीत पाणी आहे एवढं सांगतो, पंपात आहे की नाही हे त्याला कळायला मार्ग नाही. यासाठी ड्राय रन प्रिव्हेंटर नावाचा कंट्रोलर मिळतो. मोटर किती वीज घेते ते तो पाहतो आणि ती ठरावीक आकड्याखाली गेली की मोटर तोडतो. पाणी उचलायचं काम नसलं की मोटर कमी वीज घेते, हे तत्त्व.

थ्री फेजला हे चांगलं चालतं. कपॅसिटरवर चालणाऱ्या सिंगल फेज मोटरला मात्र रिकामी फिरतानाही बराच प्रवाह लागतो, त्यामुळे भरलेल्या आणि कोरड्या पंपाच्या अँपिअरमध्ये फरक थोडाच पडतो. छापील आकड्यावर सेट केलेला कंट्रोलर मग एकतर कधीच ट्रिप होत नाही किंवा व्होल्टेज जरा हललं की ट्रिप होतो. क्लॅम्प मीटर लावून आपल्याच मोटरचे दोन आकडे घ्यावेत. एक पाणी चढताना. दुसरा काही सेकंद डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करून, म्हणजे पंपात पाणी राहतं, सील वाचतं आणि सेंट्रिफ्युगल पंपाचा भारही उतरतो. कंट्रोलर या दोन आकड्यांच्या मध्ये सेट करावा. पण घरगुती अर्ध्या हॉर्सपॉवरचे बरेच सेल्फ प्रायमिंग पंप रिजनरेटिव्ह प्रकारचे असतात. त्यांचा व्हॉल्व्ह बंद केला तर भार वाढतो, त्यामुळे ही युक्ती त्यांच्यावर करू नये. फरक फारच थोडा निघाला, तर डिलिव्हरीच्या पाइपवर फ्लो स्विच बसवणं बरं. सुरुवातीचं अर्धं मिनिट त्याच्याकडे दुर्लक्ष करणारा टायमर सोबत लागतो, कारण पाणी वाहायला लागेपर्यंत तो नाहीच म्हणणार. आणि ड्राय रनने एकदा ट्रिप झाल्यावर माणसाने येऊन बटण दाबेपर्यंत मोटर सुरू होऊ नये. आपोआप पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारा कंट्रोलर सीलला हप्त्याहप्त्याने मारतो.

वरच्या बाजूलाही असाच एक राखीव गडी हवा. डबा अडकला, तारा चिकटल्या, तर काय? नियंत्रणाच्या सर्किटमध्ये एक टायमर घालावा, जो मोटर सलग ३५ मिनिटांपेक्षा जास्त चालू देत नाही. आपली फेरी वीस मिनिटांची. वापर चालू असताना थोडी जास्त. पस्तीस मिनिटं पुरत नसतील तर बहुधा काहीतरी बिघडलेलं आहे: डबा अडकलाय, पंप कमी चढवतोय किंवा कुठेतरी पाइप फुटलाय. फक्त कॉन्टॅक्टरचेच मुख्य संपर्क चिकटले, तर फ्लोट, टायमर, रिले सगळे ओरडूनही मोटर थांबत नाही. तेव्हा एमसीबी हाताने पाडावा लागतो. ओव्हरफ्लोचा पाइप म्हणून इनलेटपेक्षा जाड हवा आणि त्याचं तोंड जिन्यासमोर किंवा गेटपाशी, येता-जाता दिसेल असं काढावं. ते मागच्या गटारात सोडलं तर पाणी वाहतंय हे कुणाला कळणारच नाही.

काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावं, पण तपासणी आपणही त्याच्या शेजारी उभं राहून बघावी. स्विच ऑटोवर, मोटर चालू. गच्चीवर कुणीतरी फ्लोट हाताने वर उचलावा, मोटर थांबली पाहिजे. सोडावा, सुरू झाली पाहिजे. खालच्या टाकीतला फ्लोट पाण्याबाहेर ओढावा, थांबली पाहिजे. स्विच मॅन्युअलवर टाकून हेच पुन्हा करावं आणि खालच्या फ्लोटने तेव्हाही मोटर थांबते का ते पाहावं. मग स्विच पुन्हा ऑटोवर टाकून वायरमनला सांगावं की २४ व्होल्टच्या पट्टीवरची, मॅन्युअलची सोडून, एकेक तार सैल करून दाखव. प्रत्येक तारेला मोटर थांबलीच पाहिजे. एखादी तार काढूनही मोटर चालू राहिली तर जोडणी चुकली आहे, पैसे द्यायच्या आधी ती दुरुस्त करून घ्यावी. शेवटी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबावं.

हीच तपासणी पावसाळ्याच्या आधी आणि टाकी धुतल्यावर पुन्हा करावी. टाकी धुणारी माणसं फ्लोट उचलून कडेला ठेवतात आणि जाताना केबलचा वेढा पाइपावर तसाच राहतो.